मुलाच्या पाठीच्या मापाचे दप्तर कसे निवडावे

जून महिना तोंडावर आला की लातूरच्या गंजगोलाईत, संभाजीनगरच्या गुलमंडीत आणि तालुक्याच्या गावांतील आठवडी बाजारांत दुकानांच्या दारांवर दप्तरे टांगलेली दिसू लागतात. खरेदी बहुधा दोन गोष्टींवर ठरते. मूल चित्र आणि रंग पाहते, तर आईवडील दप्तर किती वर्षे टिकेल याचा अंदाज घेतात. दुकानदारही मग सहज सांगतो, "मावशी, लेकराचं अंग वाढतं आहे, मोठंच घ्या, दोन-तीन वर्षं बघायला नको." हा सल्ला कपड्यांच्या बाबतीत चालून जातो, कारण सैल सदऱ्याने कोणाला इजा होत नाही. दप्तर मात्र वजन वाहण्याचे साधन आहे, आणि ते पाठीपेक्षा मोठे असले की त्यातील वजन पाठीवर योग्य जागी बसूच शकत नाही.

दप्तराच्या निवडीत दोन वेगवेगळे प्रश्न असतात आणि ते आपण नेहमी एकत्र करून टाकतो. पहिला प्रश्न दप्तराच्या उंचीचा आहे आणि त्याचे उत्तर मुलाच्या पाठीची लांबी देते. दुसरा प्रश्न दप्तरात किती वजन घालायचे हा आहे आणि त्याचे उत्तर मुलाचे स्वतःचे वजन देते. मुलाचे वय आणि इयत्ता यांवरून यांपैकी एकही उत्तर नेमके मिळत नाही, कारण एकाच वर्गातील दोन मुलांच्या उंचीत वीतभर आणि वजनात सहा-सात किलोंचा फरक सहज असतो. दप्तरावर छापलेला लिटरचा आकडाही इथे उपयोगाचा नाही. तो फक्त आतल्या जागेचे माप सांगतो, ते दप्तर उंच आहे की पसरट, हे सांगत नाही.

पाठ कशी मोजावी

यासाठी शिंप्याकडे असतो तसा कापडी टेप पुरेसा आहे. मुलाला पादत्राणे काढून, पातळ बनियनवर, सरळ उभे करावे. त्याला मान खाली घालायला सांगितली की मान आणि पाठ जिथे मिळतात तिथे मणक्याचे एक हाड ठळकपणे वर आलेले बोटाला लागते. तिथे दोन उंचवटे जाणवले, तर जो अधिक ठळक आणि खालचा आहे तो धरावा. हे आपले वरचे टोक. त्यावर पेनाने बारीक ठिपका द्यावा आणि मुलाला मान पुन्हा सरळ करायला सांगावी.

खालचे टोक शोधण्यासाठी मुलाचे दोन्ही हात कमरेवर ठेवावेत, बोटे पुढे आणि अंगठे पाठीकडे. बरगड्या संपल्यावर मऊ भाग लागतो आणि त्याखाली दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडाची वरची कड हाताला लागते. तळहात या कडेवर टेकले पाहिजेत. दोन्ही अंगठे पाठीच्या मध्याकडे वळवले की त्यांना जोडणारी आडवी रेषा ही कमरेची रेषा झाली. पुष्कळ जण चड्डीचे किंवा स्कर्टचे इलॅस्टिक जिथे बसते ती कंबर धरतात आणि तिथेच माप चुकते, कारण इलॅस्टिक कधी पोटावर चढलेले असते, तर कधी खाली घसरलेले. हाडाची कड मात्र जागा बदलत नाही.

आता टेपचे एक टोक मानेच्या ठिपक्यावर धरून तो पाठीच्या वळणाला चिकटवत कमरेच्या रेषेपर्यंत आणावा. येणारे माप म्हणजे मुलाच्या पाठीची लांबी. मूल श्वास रोखून ताठ उभे राहिले किंवा पोक काढून उभे राहिले तर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून त्याला थोडे चालवून पुन्हा उभे करावे, दुसऱ्यांदा मोजावे आणि दोन्ही मापे जुळली तरच ती धरावीत. मोजता मोजता दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या बाहेरच्या कडांमधील आडवे अंतरही टिपून ठेवावे. दप्तराची रुंदी या अंतराच्या फार बाहेर जाऊ नये, नाहीतर चालताना कोपरे दप्तरावर आपटतात आणि मूल हात मोकळे हलवू शकत नाही.

या मापावरून दप्तराची उंची काढणे सोपे आहे. दप्तराची वरची कड मानेच्या त्या हाडाच्या साधारण 5 सें.मी. खाली, म्हणजे खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. खालची कड कमरेच्या रेषेवर किंवा तिच्या थोडी खाली टेकावी. थोडी म्हणजे लहान मुलांसाठी 5 सें.मी.पर्यंत. मोठ्यांसाठी आणि उंच मुलांसाठी कमरेखाली 4 इंच, म्हणजे 10 सें.मी. ही कमाल मर्यादा सांगितली जाते. पण पहिली-दुसरीतल्या मुलाच्या अंगावर 10 सें.मी. म्हणजे कुल्ल्यांचा अर्धा भाग झाकला जातो, त्यामुळे त्यांच्यासाठी निम्मीच मर्यादा धरावी, असे माझे मत आहे. वर 5 सें.मी. सोडायचे आणि खाली 5 सें.मी. जास्त घ्यायचे, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो. लहान मुलांच्या दप्तराची उंची पाठीच्या लांबीइतकी असावी, त्याहून जास्त नसावी. ती दोन-चार सेंटीमीटरने कमी असली तरी काही बिघडत नाही.

मोठे दप्तर पट्टे ओढून बरोबर का बसत नाही

या ठिकाणी एक आक्षेप नेहमी येतो. दप्तर मोठे असले तरी खांद्यांचे पट्टे आवळून ते वर घेता येईल, असे वाटते. हे का जमत नाही, ते एका मुलीच्या मापांवरून पाहू.

तिसरीतील या मुलीचे वजन 22 किलो आहे आणि पाठीची लांबी 33 सें.मी. भरली. तिचे दप्तर दोन वर्षे चालावे म्हणून घेतलेले, 43 सें.मी. उंचीचे. वरची कड योग्य जागी, म्हणजे मानेच्या हाडापासून 5 सें.मी. खाली धरली, तर खालची कड त्या हाडापासून 48 सें.मी.वर जाते. पाठच 33 सें.मी.ची असल्यामुळे दप्तर कमरेच्या रेषेखाली 15 सें.मी. लोंबते आणि प्रत्येक पावलाला कुल्ल्यांवर आपटते. आता पट्टे आवळून खालची कड योग्य जागी, म्हणजे कमरेखाली 5 सें.मी.वर आणली, तर वरची कड मानेच्या हाडाच्याही 5 सें.मी. वर चढते. मुलीने रस्ता ओलांडताना मान वर केली की डोके दप्तराला टेकते. मग ती आपोआप मान पुढे काढून चालू लागते आणि दोन-तीन दिवसांत स्वतःच पट्टे सैल करते. पट्टे सैल झाले की वरची कड मानेच्या हाडाच्या 10 सें.मी. खाली येते आणि तळ कमरेखाली 20 सें.मी.पर्यंत पोहोचतो. म्हणजे खाली आपटणे आणि वर डोक्याला टेकणे या दोहोंच्या मध्ये या दप्तराला बरोबर अशी जागाच नाही. पट्ट्यांनी दप्तर वर-खाली सरकते, त्याची उंची कमी होत नाही.

खाली लोंबणाऱ्या दप्तराचा आणखी एक दोष आहे आणि माझ्या दृष्टीने तोच मुख्य आहे. पट्टे सैल असले की दप्तराचा वरचा भाग पाठीपासून सुटतो आणि वजन मागे झुकते. भरलेली घागर कडेवर अंगालगत घेतली की ती लांबवर नेता येते, पण तीच घागर हात लांब करून धरली तर चार पावलांतच कंबर भरून येते. घागरीचे वजन तेवढेच असते, फक्त ते अंगापासून दूर गेलेले असते. पाठीपासून मागे गेलेले दप्तर मुलाला मागे ओढते आणि तोल सांभाळण्यासाठी मूल कमरेतून पुढे वाकते. पुढे वाकल्यावर रस्ता दिसावा म्हणून मान वर उचलून पुढे काढते. खांदा, मानेचा मागचा भाग आणि कमरेचा खालचा भाग या तीन जागी मुले हात लावून दुखते म्हणून सांगतात, त्याचे कारण बहुतेक वेळा या वाकण्यात असते.

या मुलीला 33 सें.मी. उंचीचे दप्तर दिले तर वरची कड 5 सें.मी.वर आणि खालची 38 सें.मी.वर, म्हणजे कमरेखाली बरोबर 5 सें.मी. येते. एकच अडचण राहते, ती वह्या-पुस्तकांच्या उंचीची. तिची सर्वांत उंच वही 28 सें.मी.ची आहे. दप्तराची वरची बाजू गोल असते आणि चेनही वळते, त्यामुळे आत उभी वस्तू बाहेरच्या उंचीपेक्षा तीन-चार सेंटीमीटरने कमीच मावते. इथे 28 ची वही 33 च्या दप्तरात नीट बसते. पण पहिलीतल्या एखाद्या बारक्या मुलाची पाठ 28 सें.मी. भरली आणि वहीही 28 ची असली, तर तिढा येतो. अशा वेळी 31 किंवा 32 सें.मी.चे दप्तर घ्यावे, वरची कड हाडाखाली 3 सें.मी.पर्यंत चढू द्यावी आणि तळ कमरेखाली 7 सें.मी.पर्यंत जाऊ द्यावा. त्यापलीकडे जाण्याऐवजी शिक्षकांशी बोलून लहान आकाराच्या वह्या चालतील का, हे विचारणे अधिक चांगले.

वाढत्या अंगाचे काय, हा प्रश्न उरतो. प्राथमिक शाळेच्या वयात मुलांची उंची वर्षाला साधारण 5 ते 6 सें.मी. वाढते. पाठीचा हा भाग एकूण उंचीच्या जेमतेम चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त असतो, म्हणून पाठ वर्षाला सुमारे दीड सेंटीमीटरच लांबते. याचा अर्थ 33 सें.मी. पाठीची मुलगी दोन वर्षांनी 36 च्या आसपास पोहोचेल आणि तेव्हाही 33 चे दप्तर तिला छान बसेल, फक्त तळ कमरेच्या रेषेच्या जवळ येईल. पाठीइतके दप्तर घेतले तर ते दोन वर्षे आरामात पुरते. 43 सें.मी.चे दप्तर तिच्या पाठीला बरोबर बसण्याची वेळ यायला सहा-सात वर्षे लागतील आणि तोपर्यंत ते दप्तर टिकणार नाही. पैसे वाचवण्याच्या हिशेबानेही मोठे दप्तर परवडत नाही, असे मी म्हणतो ते यामुळेच.

वजनाचा हिशेब

महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये दप्तराचे ओझे कमी करण्याविषयी शासन निर्णय काढला आणि केंद्र सरकारचे दप्तर धोरण 2020 मध्ये आले. दोन्हींचा आधार एकच आहे. दप्तराचे एकूण वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावे. केंद्राच्या धोरणात इयत्तेनुसार आकडेही दिलेले आहेत. पहिली-दुसरीसाठी 1.6 ते 2.2 किलो, तिसरी ते पाचवीसाठी 1.7 ते 2.5 किलो, सहावी-सातवीसाठी 2 ते 3 किलो, आणि पुढे नववी-दहावीला 4.5 किलोपर्यंत. बालवाडीच्या मुलांना दप्तरच नसावे, असे तेथे म्हटलेले आहे.

हे वजन म्हणजे भरलेल्या दप्तराचे सगळे वजन. रिकामे दप्तर, पाणी, डबा, कंपासपेटी, सगळे त्यात आले. घरी वजनकाटा असेल तर मुलाने आधी एकट्याने आणि मग दप्तर पाठीवर घेऊन उभे राहावे, दोन्ही आकड्यांतील फरक म्हणजे दप्तराचे वजन. काटा नसेल तर किराणा दुकानात किंवा धान्याच्या आडतीवर दप्तर ठेवून पाहायला कोणी नाही म्हणत नाही. आठवड्यातील ज्या वारी सर्वांत जास्त तास असतात त्या वारी हे मोजावे. शनिवारच्या दप्तरावरून काहीच कळत नाही.

आपल्या उदाहरणातील मुलीच्या मर्यादेत 2.2 किलो बसतात. तिचे जुने दप्तर रिकामेच 900 ग्रॅम भरले, कारण त्याला जाड तळ, चार कप्पे आणि पुढे प्लास्टिकचे उठावदार चित्र होते. स्टीलची बाटली 250 ग्रॅमची आणि त्यात एक लिटर पाणी, म्हणजे 1250 ग्रॅम झाले. भरलेला डबा 350 ग्रॅम आणि खडू, रंग, पट्टी, जुने शार्पनर अशा वस्तूंनी भरलेली कंपासपेटी 250 ग्रॅम. ही बेरीज 2750 ग्रॅम होते आणि अजून एकही पुस्तक दप्तरात गेलेले नाही. त्यावर 220 ग्रॅमची चार पुस्तके आणि 140 ग्रॅमच्या सहा वह्या चढल्या की एकूण वजन 4470 ग्रॅम, म्हणजे तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त. दप्तराचे ओझे म्हटले की आपण पुस्तकांनाच दोष देतो, पण इथे निम्म्याहून जास्त ओझे पुस्तकांचे नव्हतेच.

कमी काय करायचे, हे ठरवताना एक गोष्ट मी आधीच बाजूला ठेवतो, ती म्हणजे पाणी. फेब्रुवारी संपला की आपल्याकडे ऊन तापू लागते, सकाळची शाळा सुटेपर्यंत रस्ते भाजतात, आणि अनेक गावांत शाळेच्या टाकीत पाणी असेलच याचा भरवसा नसतो. वजनासाठी मुलाचे पाणी कमी करणे हा चुकीचा सौदा आहे. बाटली मात्र बदलता येते. स्टीलच्या बाटलीऐवजी हलकी, खाण्यापिण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकची 700 मिलिलिटरची बाटली घेतली तर पाण्यासह ती 820 ग्रॅमच्या आसपास भरते. घरून निघताना भरपेट पाणी पिऊन निघण्याची सवय लावली की उरलेला फरक बराच भरून निघतो. शाळेत पिण्याचे पाणी खात्रीने मिळत असेल तर बाटली अर्धी भरून न्यावी आणि तिथे भरून घ्यावी.

डब्याचेही तसेच आहे. या मुलीच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी मिळते, तरी आईच्या काळजीपोटी भरलेला डबा रोज जात होता आणि बहुतेक वेळा अर्धा परत येत होता. खिचडी घेण्यापुरता 150 ग्रॅमचा रिकामा डबा नेला की 200 ग्रॅम वाचले. कंपासपेटी रिकामी करून आवश्यक तेवढ्या वस्तू ठेवल्यावर ती 150 ग्रॅमवर आली. नवे, पाठीच्या मापाचे दप्तर 500 ग्रॅमचे निघाले, कारण लहान दप्तराला कापडही कमी लागते. एवढ्यावर बेरीज 1620 ग्रॅम झाली. वर्गशिक्षिकांनी दोन विषयांची पुस्तके वर्गातील कपाटात ठेवू दिली आणि वेळापत्रकाप्रमाणे रोज दोन पुस्तके व दोन वह्याच जाऊ लागल्या, त्यांचे 720 ग्रॅम. एकूण 2340 ग्रॅम.

हे 2.2 किलोंपेक्षा थोडे जास्तच आहे, पण केंद्राच्या धोरणातील तिसरीच्या 2.5 किलोंच्या आत आहे. मी इथेच थांबेन, कारण 10 टक्के ही काही ग्रॅमने मोडणारी रेषा नाही. मूल ते ओझे किती वेळ वाहते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. दारातून ऑटोत बसून शाळेच्या फाटकाशी उतरणाऱ्या मुलाला ओझे पाच मिनिटे वाहायचे असते. शेतातल्या वस्तीवरून किंवा तांड्यावरून पांदीच्या वाटेने गावच्या शाळेत पायी येणाऱ्या मुलाला तेच ओझे अर्धा-पाऊण तास वाहायचे असते आणि पावसाळ्यात चिखल तुडवत वाहायचे असते. त्या मुलासाठी मी 10 टक्क्यांच्याही थोडे आतच राहायला सांगेन. एसटीने येणाऱ्या मुलांनी गर्दीत उभे राहताना दप्तर काढून पायांशी ठेवावे, कारण गाडीच्या हिसक्याबरोबर पाठीवरचे ओझे तोल घालवते.

मुलाचे वजन उंचीच्या मानाने बरेच जास्त असेल तर 10 टक्क्यांचा नियम फसवतो. चरबीने वाढलेल्या वजनाबरोबर ओझे उचलण्याची ताकद वाढत नाही, उलट त्या मुलाच्या गुडघ्यांवर स्वतःचाच भार जास्त असतो. अशा मुलासाठी इयत्तेचे आकडे वापरावेत. मूल अगदी किडकिडीत असेल तर मात्र टक्केवारीच धरावी, म्हणजे 16 किलोंच्या दुसरीतल्या मुलाला 1.6 किलो आणि त्याहून जास्त नाही.

दुकानात आणि त्यानंतर

दप्तर घ्यायला जाताना मुलाला, टेपला आणि सर्वांत उंच वहीला सोबत न्यावे. दप्तराची उंची पाठीला लागणाऱ्या बाजूने, तळाच्या शिवणीपासून वरच्या शिवणीपर्यंत मोजावी. वरची उचलण्याची मूठ त्यात धरू नये. ऑनलाइन घेताना दिलेला इंचांचा आकडा मूठ धरून दिलेला असू शकतो, म्हणून परत करण्याची सोय असेल तरच घ्यावे. दप्तर रिकामे घालून पाहण्यात अर्थ नाही, कारण रिकामे दप्तर कसेही बसते. दोन किलोंच्या आसपास वह्या किंवा दुकानातले काहीही आत भरावे आणि मगच ते मुलाच्या पाठीवर चढवावे.

घालताना पट्टे आधी पूर्ण सैल करावेत. दप्तर पाठीवर आले की दोन्ही पट्ट्यांची खाली लोंबणारी टोके एकाच वेळी, सारखी खाली ओढावीत, तळ ठरवलेल्या जागी येईपर्यंत. मग बाजूने पाहावे. वरच्या कडेशी दप्तर आणि पाठ यांमध्ये हात सहज घुसत असेल तर पट्टे अजून सैल आहेत. पट्टे इतके आवळले असतील की काखेत रुततात आणि मूल हात वर करू शकत नाही, तर ते जास्त झाले. पट्टा खांद्यावर मानेपासून थोडा बाहेर, सपाट बसला पाहिजे. तो साधारण दोन इंच रुंद आणि आतून भरीव असावा, कारण अरुंद पट्टा तेवढेच वजन कमी जागेवर टाकतो आणि खांद्यावर लाल वळ उठतो.

स्वस्त दप्तरांत हमखास बिघडते ते पट्ट्याचे बक्कल. पट्टा गुळगुळीत असला की बक्कल रोज थोडे थोडे सरकते आणि पंधरा दिवसांत दप्तर पुन्हा खाली आलेले असते, पण हळूहळू आल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. यासाठी माप बरोबर बसल्यावर बक्कलाच्या कडेशी पट्ट्यावर पेनाने एक आडवी रेघ मारावी. दर रविवारी ती रेघ बक्कलापासून किती सरकली ते पाहावे. सरकतच असेल तर बसस्टँडजवळच्या दप्तर-चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून त्या जागी पट्टा दुमडून चार टाके घालून घ्यावेत. त्याच्याकडूनच छातीवर दोन्ही पट्टे जोडणारी, मध्ये क्लिप असलेली छोटी पट्टीही शिवून घेता येते. खांदे उतरते असलेल्या मुलांचे पट्टे सारखे घसरतात, त्यांना या पट्टीचा फार उपयोग होतो. पट्टी छातीच्या मध्यावर यावी, गळ्याशी येऊ नये.

भरताना जड पुस्तके पाठीलगत उभी ठेवावीत आणि हलक्या वस्तू पुढच्या कप्प्यात. बाटली एका बाजूच्या खिशात असेल तर दुसऱ्या खिशात डबा किंवा छत्री ठेवावी, नाहीतर पाऊण किलो एकाच बाजूला ओढते आणि मूल तो खांदा वर उचलून चालते.

माप बरोबर असूनही काही बिघडले आहे का, हे मुलाच्या चालण्यावरून कळते. मूल फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागते तेव्हा, त्याला न सांगता, मागून आणि बाजूने पाहावे. कमरेतून पुढे झुकणे, दोन्ही हातांनी पट्टे धरून पुढे ओढणे, दप्तर घालताना भिंतीचा किंवा कट्ट्याचा आधार घेणे, ही ओझे जास्त असल्याची किंवा पट्टे सैल असल्याची लक्षणे आहेत. पट्टे धरून ओढणारे मूल वजन स्वतःच अंगाजवळ आणू पाहत असते, त्याला ओरडू नये, पट्टे तपासावेत. हातांना मुंग्या येत असतील तर दप्तर त्या दिवशीच हलके करावे.

दप्तरामुळे मणका कायमचा बाजूला वाकतो, ही भीती पालकांत पसरलेली आहे, पण तसे सिद्ध झालेले नाही. ओझ्याने स्नायू थकतात, दुखतात आणि उभे राहण्याची ढब बिघडते, आणि दप्तर हलके व योग्य उंचीवर आले की हे दुखणे सहसा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. तसे झाले नाही, सुट्टीच्या दिवसांतही पाठ दुखत राहिली, रात्री दुखण्याने झोप मोडली, किंवा मूल पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर दिसली, तर कारण दप्तराबाहेरचे असू शकते आणि मुलाला डॉक्टरांना दाखवावे. एरवी पाठीचे माप जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा घेतले की पुरते. पट्टे शेवटपर्यंत सैल करूनही दप्तराचा तळ कमरेच्या रेषेच्या वरच राहू लागला, म्हणजे ते दप्तर लहान झाले आणि पुढच्या मापाचे घेण्याची वेळ आली.